४० माणसांच्या कंपनीसाठी एचआर सॉफ्टवेअर: डेमोत सगळी सारखीच दिसतात, निवडायचं कसं?

कुंडईवाली
नमस्कार मंडळी. कुंडई वसाहतीत आमचं पॅकेजिंगचं युनिट आहे. कारखान्यात ३४ माणसं आणि पणजीच्या ऑफिसात ६, म्हणजे एकूण ४०. माणसांची माहिती एक्सेलमध्ये, हजेरी बोटाच्या मशीनवर, रजेचे अर्ज कागदावर आणि पगार अकाउंटंट टॅलीत करतो. दर महिन्याच्या २८ ते ३१ तारखेला रजा आणि हजेरी जुळवण्यातच दोन माणसं अडकतात. मालक म्हणतात, एकदाचं सॉफ्टवेअर घेऊन टाका.

तीन विक्रेत्यांचे डेमो पाहिले. तिन्हींत रजा आहे, पगार आहे, मोबाईल अ‍ॅप आहे, रंगीत आलेख आहेत. दर माणशी दर महिना भाव थोडे वेगळे, बाकी फरक कळत नाही. निवडताना नेमकं काय पाहायचं? आणि सगळ्यांचं आधार, बँक खातं, डॉक्टरांचे दाखले बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, त्याचं काय करायचं?

तांबडीमाती
बोटाचं मशीन आहे ना? मग तोच विक्रेता सोबत सॉफ्टवेअर देतो. त्यातून महिन्याचा रिपोर्ट निघतो. वेगळं कशाला घ्यायचं?

हिशेबी
तांबडीमाती, त्या रिपोर्टात कोण किती वाजता आला एवढंच असतं. ताईंचा घोळ त्यानंतर सुरू होतो. गैरहजर दिसणारा माणूस रजेवर होता की बिनपगारी, आणि बिनपगारी असेल तर पगार, पीएफ, ईएसआय या तिन्हींत किती कापायचं, हे मशीन सांगत नाही.

कुंडईवाली ताई, डेमोत विक्रेता स्वतःची नमुना कंपनी दाखवतो. तिच्यात सगळे एक तारखेला लागलेले असतात आणि बिनपगारी कोणीच नसतो. म्हणून तिन्ही सारखी दिसतात. तुम्ही तुमचाच एक माणूस घ्या, तीन महिने घ्या, आणि विक्रेत्याला म्हणा की तुमच्या सिस्टिमवर हा पगार करून दाखवा. आकडे आधी कागदावर काढून ठेवायचे.

मी सहसा देतो तो नमुना असा. माणसाचं ईएसआयसाठी धरायचं वेतन जूनपर्यंत २०,४००. १ जुलैपासून वाढून २१,६००. जुलैत दोन दिवस बिनपगारी, ऑगस्ट पूर्ण भरला, ऑक्टोबरमध्ये तीन दिवस बिनपगारी.

जुलै: ३१ दिवसांनी भागलं तर मिळालेलं वेतन २०,२०६. ईएसआय ०.७५ टक्क्याने १५१.५५ येतो, तो वरच्या रुपयाला न्यायचा, म्हणजे १५२. मालकाचा ३.२५ टक्क्याने ६५७.

ऑगस्ट: वेतन पूर्ण २१,६००. इथेच बरीच सॉफ्टवेअरं घसरतात. ईएसआयची वेतन मर्यादा २१,००० आहे, वेतन तिच्यावर गेलं, म्हणून सिस्टिम कपात थांबवते. हे चूक. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर असतो. त्या काळाच्या सुरुवातीला माणूस आत असेल तर मध्ये पगार वाढला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत आतच राहतो, आणि वर्गणी पूर्ण २१,६०० वर भरायची. माणसाची १६२, मालकाची ७०२.

ऑक्टोबर: नवा काळ सुरू, दर २१,६००, म्हणजे माणूस बाहेर. पण तीन दिवस कापल्यावर हातात १९,५१० येतात. जे सॉफ्टवेअर दर न पाहता मिळालेली रक्कम पाहतं, ते त्याला पुन्हा आत ओढतं आणि कपात करतं. मर्यादा ठरलेल्या दरावर बघायची, कापून उरलेल्या रकमेवर नाही.

तिन्ही महिने बरोबर आले तर त्या सिस्टिमच्या पगाराच्या भागात ईएसआय समजणारा माणूस बसला आहे असं समजा. फक्त जुलै बरोबर आला तर त्याला काही अर्थ नाही, जुलै चुकीच्या नियमानेही बरोबरच येतो.

कुंडईवाली
हिशेबी दादा, हे फार उपयोगी. आमच्याकडे गेल्या वर्षी असाच एक जण होता, ऑगस्टमध्ये कपात थांबवली होती. आता परत पाहावं लागेल. पण तुम्ही ३१ ने भागलंत. आमचा अकाउंटंट २६ ने भागतो.

हिशेबी
त्यातच तर फरक पडतो. २१,६०० वर दोन दिवस कापायचे तर ३१ ने १,३९४ कापले जातात, ३० ने १,४४० आणि २६ ने १,६६२. एका माणसाला एका महिन्यात २६८ रुपयांचा फरक. कुठला भाजक घ्यायचा ते तुमच्या नेमणूक पत्रात किंवा स्थायी आदेशात काय लिहिलंय त्यावर ठरतं. महत्त्वाचं हे की कारखान्याला २६ आणि ऑफिसला महिन्याचे दिवस, असे दोन नियम एकाच कंपनीत लावता येतात का, हे विक्रेत्याला विचारा. काही ठिकाणी भाजक अख्ख्या कंपनीला एकच ठेवावा लागतो. मग सहा माणसांचं दर महिन्याला हाताने करत बसावं लागतं.

आणि २६ ने भागणाऱ्यांसाठी आणखी एक चाचणी. महिनाभर गैरहजर माणूस घाला. २६ पेक्षा जास्त कामाचे दिवस असलेल्या महिन्यात त्याचा पगार उणे निघतो का बघा.

सीमेवरचा
गोव्यातल्या कंपनीने आणखी एक गोष्ट हटकून तपासावी. गोव्यात व्यवसाय कर नाही, महाराष्ट्रात आहे. आणि आपल्याकडे बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज येऊन काम करणारी माणसं भरपूर. सॉफ्टवेअरने राज्य घरच्या पत्त्यावरून उचललं की त्या माणसांच्या स्लिपमध्ये दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून बसतात. कर कामाच्या ठिकाणावर लागतो.

डेमोत एक माणूस घाला, पत्ता सावंतवाडी, काम कुंडई. कपात शून्य यायला हवी. विक्रेता म्हणाला की त्या माणसाचा व्यवसाय कर हाताने बंद करू, तर ते नको. नवीन माणूस लागला की दर वेळी आठवणीने बंद करावा लागेल, आणि एखाद्या वेळी राहूनच जाईल. राज्य कामाच्या ठिकाणाला जोडलेलं हवं.

सुट्ट्यांची यादीही बघा. बऱ्याच सिस्टिमांत महाराष्ट्राची यादी आधीच भरलेली असते. १ मे दोन्हीकडे असेल, पण ३ डिसेंबर आणि १९ डिसेंबर तुम्हालाच घालावे लागतील.

सासष्टीकार
आमचं हॉटेल आहे कळंगुटला, १८ कायम आणि ऑक्टोबर ते मे आणखी २५ जण. आमची अडचण वेगळी आहे. मे अखेरीस माणसं गावी जातात आणि ऑक्टोबरात तीच परत येतात. सॉफ्टवेअर दर वेळी नवा कोड देतं. मग एकाच माणसाचे चार वर्षांत चार कोड, रजा चार ठिकाणी. ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

मोपा_रोड
सासष्टीकार, संबंध आहे. विचारायचा प्रश्न असा: माणसाचा कोड आणि नोकरीचा काळ या दोन वेगळ्या नोंदी आहेत का? जिथे वेगळ्या आहेत तिथे माणूस एकच राहतो, त्याच्याखाली १ ऑक्टोबर ते ३१ मे असे तीन-चार काळ दिसतात. पीएफचा यूएएन क्रमांक, बँक, जन्मतारीख एकदाच भरायची. जिथे एकत्र आहेत तिथे "पुन्हा रुजू" असं बटण असतं, पण ते आत नवी नोंद बनवतं. खात्री करायला एका नमुना माणसाला काढा, परत घ्या, आणि यूएएनने शोधा. दोन माणसं दिसली तर समजून घ्या. तुमच्यासारख्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब काढायची वेळ आली की हे सगळे काळ एका जागी लागतात.

ताईंसाठी एक्सेलबद्दल. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पहिल्या आठवड्यात माहिती चढवताना घोटाळा होतो, आणि नंतर दोष सॉफ्टवेअरवर जातो. तीन गोष्टी आधी तपासा.

यूएएन १२ आकडी असतो. एक्सेलचा रकाना साधा ठेवला तर तो 1.01E+11 असा दिसायला लागतो आणि तसाच सीएसव्ही केला तर तसाच जातो. रकाना आधी टेक्स्ट करून मग आकडे घाला.

बँक खातं १६ किंवा १७ आकडी असेल तर एक्सेल फक्त १५ आकडे खरे धरतं, पुढच्यांचं शून्य करतं. बघणाऱ्याला खातं पूर्ण दिसतं, शेवटचा आकडा मात्र बदललेला असतो. पगार परत येतो तेव्हा कळतं. खात्याच्या सुरुवातीचं शून्य उडतं ते वेगळंच. हा रकाना पासबुकावरून परत भरा, जुन्या फाइलीतून टेक्स्ट करून काही होत नाही, आकडा आधीच गेलेला असतो.

तारखा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? सॉफ्टवेअरने उलटी वाचली तर रुजू तारीख बदलते आणि रजेचा हिशेब चुकतो. दिवस १२ पेक्षा मोठा असलेल्या तारखा नीट जातात, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सगळं बरोबर वाटतं. चढवल्यावर १ ते १२ तारखेला रुजू झालेल्यांचीच यादी काढून ताडून बघा.

कुंडईवाली
मोपा_रोड, आत्ता फाइल उघडून पाहिली. सात जणांच्या खात्याचा शेवटचा आकडा शून्य आहे. सात!

मोपा_रोड
त्यातले एखाद-दोन खरे शून्यवालेही असू शकतात. पण सातही पासबुकावरून तपासा. पगार आत्तापर्यंत नीट जात असेल तर बँकेच्या पोर्टलवर बरोबर खाती वेगळी नोंदवलेली असणार. ती यादी खरी धरा, एक्सेल नाही.

गावकारीण
नावाचं विसरू नका. आपल्याकडे एकच आडनाव आधारवर Gaonkar, पॅनवर Gaunkar आणि बँकेत तिसरंच. पीएफचं नाव आधारशी जुळलं नाही की यूएएन अडकतो. सॉफ्टवेअरमध्ये नावाचा एकच रकाना असेल तर तुम्ही कुठलं भरणार? आधारप्रमाणे, पॅनप्रमाणे आणि बँकेप्रमाणे असे तीन वेगळे रकाने हवेत, आणि पीएफच्या फाइलीत आपोआप आधारचं जायला हवं. वापरायचं नाव चौथं. तीन रकाने नसतील तर निदान स्वतःचे रकाने वाढवता येतात का आणि ते पीएफच्या फाइलीला जोडता येतात का, हे विचारा. नुसते वाढवता आले आणि जोडता आले नाहीत तर उपयोग नाही.

तांबडीमाती
हिशेबी म्हणाले ते पटलं. आमच्याकडेही रिपोर्ट काढून मग एक्सेलमध्येच करतो. पण मशीन नव्या सॉफ्टवेअरला जोडलं की रजा आपोआप लागते ना?

हिशेबी
मशीन जोडलं की नुसते पंच येतात. रजा लागायला रजा मंजूर झालेली असावी लागते, आणि तीही कट-ऑफच्या आधी. खरी मेख इथे आहे.

समजा पगाराची हजेरी २५ तारखेला बंद होते. माणूस जुलैच्या २३, २४ ला गैरहजर. अर्ज नाही, म्हणून दोन दिवस बिनपगारी. पगार झाला, पीएफ भरला. ४ ऑगस्टला तो दाखला घेऊन येतो आणि सुपरवायझर मागच्या तारखेने रजा मंजूर करतो. आता काय व्हायला हवं? जुलैची स्लिप तशीच राहायला हवी आणि ऑगस्टच्या स्लिपमध्ये दोन दिवसांची थकबाकी वेगळ्या ओळीत दिसायला हवी. काही सिस्टिम गुपचूप जुलै परत मोजतात. पैसे कोणी दिले नाहीत, पण जुलैची स्लिप मात्र बदलली. भरलेल्या पीएफशी ती आता जुळत नाही.

तपासायचं असं. जुलैचा पगार बंद केल्यावर स्लिप उतरवून ठेवा. मग मागची रजा मंजूर करा. स्लिप परत उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एक रुपयाही हलला तर ते सॉफ्टवेअर सोडा. महिना बंद केला म्हणजे बंद, हे सिस्टिमला कळलंच पाहिजे.

रात्रपाळी असेल तर तीही बघा. रात्री १० ला आत आणि सकाळी ६ ला बाहेर, हे दोन तारखांचे अर्धे अर्धे दिवस म्हणून मोजलं जातं का? आणि पावसाळ्यात वीज गेली की मशीन पंच स्वतःजवळ साठवतं आणि नंतर पाठवतं. ते उशिरा आलेले पंच बंद झालेल्या दिवसात घुसतात की वेगळी यादी दाखवतात? मशीनची आतली बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं, ते पंच तर कुठेच दिसत नाहीत. महिन्यातून एकदा मशीनचं घड्याळ बघायचंच.

जुवारी
पगाराचं झालं. माहितीच्या गोपनीयतेचं सोपं आहे. नवा डेटा संरक्षण कायदा आलाय. सगळ्यांकडून एक संमतीपत्र सही करून घ्या की आमची माहिती सॉफ्टवेअर कंपनीला द्यायला हरकत नाही. मग जबाबदारी विक्रेत्याची.

कायदेकानून
जुवारी, नवा कायदा आलाय हे बरोबर, पुढचं नाही.

२०२३ च्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती संमतीशिवाय वापरायची वेगळी तरतूद आहे. पगार द्यायला बँक खातं लागतं, त्याला सही कशाला? उलट सही घेतली तर संमती मागे घेण्याचा हक्कही त्या माणसाला मिळतो. त्याने उद्या मागे घेतली तर पगार कसा देणार? पण ही तरतूद नोकरीच्या कामापुरतीच. त्याच माहितीवरून विमा एजंटाला यादी दिली तर ती तरतूद लागू नाही, तिथे संमती लागेल.

आणि जबाबदारी विक्रेत्यावर जात नाही. माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारी कंपनी तुम्ही, म्हणून कायद्यासमोर तुम्हीच उभे. विक्रेता तुमच्या वतीने काम करणारा. त्याच्याशी लेखी करार लागतो, आणि त्याच्याकडून माहिती फुटली तरी डेटा संरक्षण मंडळाला आणि माणसांना कळवायचं तुम्हालाच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७. त्यानंतर फुटीचा सविस्तर अहवाल कळल्यापासून ७२ तासांत द्यायचाय. म्हणून विक्रेत्याच्या करारात "लवकरात लवकर कळवू" चालणार नाही, तासांचा आकडा लिहून घ्या. त्याने तुम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं तर तुमच्या हातात काही उरत नाही.

जुवारी
संमतीचं समजलं. पण मग आधारची झेरॉक्स ठेवायची की नाही?

कायदेकानून
पीएफला आधार क्रमांक लागतो, झेरॉक्स कायम साठवायला लागत नाही. यूएएन जोडून झालं की सिस्टिममधली स्कॅन प्रत काढून मास्क केलेली ठेवा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कमी ठेवलं की कमी फुटतं.

कुंडईवाली
हे करता येईल. पण सुपरवायझरला रजा मंजूर करायला अ‍ॅप द्यावं लागेल. त्याला पगार दिसू नये एवढंच पाहायचं ना?

मोपा_रोड
पगाराचं सगळे पाहतात. डॉक्टरच्या दाखल्याचं राहतं. माणूस आजारपणाच्या रजेला दाखला जोडतो, रजा सुपरवायझरकडे जाते, आणि दाखला त्याच्या मोबाईलवर उघडतो. त्यात आजाराचं नाव. अख्ख्या शॉपफ्लोअरला कळतं. रजा मंजूर करणाऱ्याला फक्त "दाखला जोडला आहे" एवढं दिसावं, कागद फक्त तुम्हाला.

डेमोत विक्रेत्याच्या अ‍ॅडमिन लॉगिनवरून हे कळणार नाही. नमुना सुपरवायझरचं लॉगिन मागा, स्वतःच्या मोबाईलवर लावा, आणि चार जागा बघा: रजेचा अर्ज उघडून, सहकाऱ्याचं नाव शोधून, रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून, आणि आलेल्या सूचनेवर टिचकी मारून. पडद्यावर लपवलेला रकाना उतरवलेल्या एक्सेलमध्ये बऱ्याचदा जसाच्या तसा येतो.

दुसरी चाचणी दोन मिनिटांची. स्वतःची स्लिप उघडा, वरची लिंक कॉपी करा, बाहेर पडा, आणि ती लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन न मागता स्लिप उघडली तर आपला शोध तिथेच थांबवा.

आणि हो, चाचणीसाठी विक्रेत्याला खरी एक्सेल मेल करू नका. नावं बदला, खाती आणि आधार काढा, वेतन आणि तारखा खऱ्या ठेवा. पगार तपासायला तेवढंच लागतं.

फुटाणो
आमच्या ऑफिसात पगाराच्या फाइलीला पासवर्ड आहे, आणि तो पासवर्ड फाइलीच्या नावातच लिहिलाय. :)

गावकारीण
फुटाणो, हसू आलं खरं, पण स्लिपच्या पीडीएफला पॅन आणि जन्मतारीख जोडून पासवर्ड देणं हेही त्याच जातीचं. एचआरमधल्या कोणालाही तो माहीत असतो.

सासष्टीकार
स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं काही नाही का? माहिती बाहेर जायलाच नको.

मोपा_रोड
फ्रॅपे एचआर आहे, मुक्त स्रोत, रजा आणि पगार दोन्ही आहे. पण स्वतः चालवायचं म्हणजे बॅकअप, अपडेट, सुरक्षा सगळं तुमच्याकडे, आणि ईएसआयच्या मर्यादेसारखे नियम सूत्रात स्वतः लिहावे लागतात. हे पाहणारा माणूस पगारावर नसेल तर ऑफिसच्या कोपऱ्यातल्या अपडेट न केलेल्या सर्व्हरपेक्षा चांगल्या विक्रेत्याचा सर्व्हर बरा. माणूस असेल तर मात्र जरूर विचार करा.

हिशेबी
पीएफच्या फाइलीबद्दल सांगायचं राहिलं. पगाराशी जोडणी आहे असं सगळे म्हणतात. कशी, ते विचारा. ईसीआरची फाइल थेट निघते की आकडे दुसरीकडे टाकावे लागतात? वरच्याच माणसाचं जुलैचं मूळ वेतन १५,६०० धरा. दोन दिवस कापून १४,५९४. त्याची ओळ अशी यायला हवी:

```
100000000000#~#ABC#~#20206#~#14594#~#14594#~#14594#~#1751#~#1216#~#535#~#2#~#0
```

यूएएन आणि नाव अर्थात नमुन्याचे. शेवटून दुसरा आकडा २ आहे ना, ते बिनपगारी दिवस. बऱ्याच फाइलींत वेतन कापलेलं असतं आणि तिथे मात्र ० असतो, कारण रजेचा भाग आणि पगाराचा भाग आतून जोडलेलेच नसतात. दिवस एकाकडे, रुपये दुसऱ्याकडे. "जोडणी" खरी की नावाची हे या एका आकड्यावरून कळतं.

पैपाहुणो
हिशेबी सर, थोडा मतभेद. तुम्ही १५,६०० ला कापून १४,५९४ केलंत. आम्ही पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरतो आणि मर्यादाच त्या प्रमाणात कापतो, म्हणजे १५,००० चे २९/३१, १४,०३२.

हिशेबी
ही पद्धत मी पाहिलीय, पण मला पटत नाही. मर्यादा महिन्याची आहे. माणसाला मिळालेलं वेतन तिच्या खाली असेल तर मिळालेलं पूर्ण धरायचं.

पैपाहुणो
आमचे सल्लागार गेली कित्येक वर्षं असंच करतात, कधी प्रश्न आला नाही.

कायदेकानून
प्रश्न आला नाही म्हणजे बरोबर असं नाही, पण इथे वाद मिटणार नाही. ताईंनी स्वतःच्या सल्लागाराकडून लेखी घ्यावं आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय आहेत का ते पाहावं.

त्याहून मोठी गोष्ट, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते मिळून एकूणच्या अर्ध्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मोजायचा. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भत्त्यापुढे "वेतनात धरायचा की नाही" अशी खूण हवी आणि अर्ध्याची तपासणी दर महिन्याला आपोआप व्हायला हवी. विक्रेत्याला विचारा, हे मी बदलू शकते की तुम्हाला तिकीट टाकावं लागतं?

रजेचंही तसंच. कारखान्यात भरपगारी रजेसाठी पूर्वी २४० दिवसांची अट होती, संहितेत १८० आहे, आणि दर २० दिवस कामाला एक रजा. दर महिन्याला सरसकट दीड रजा जमा करणारं सॉफ्टवेअर ऑफिसला चालेल, कारखान्यात कामाच्या दिवसांवरून जमा व्हायला हवी. नोकरी सोडली की पगाराचा आणि रजेचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही संहितेत आहे. रजेची शिल्लक त्या दिवशी बरोबर नसेल तर दोन दिवस पुरणार नाहीत.

कुंडईवाली
सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी येऊन लिहितेय. हिशेबी दादांचा माणूस, सीमेवरच्यांचा सावंतवाडीचा पत्ता आणि मागच्या तारखेची रजा, असा एकच नमुना तिघांना दिला.

पहिल्याने "आमची टीम करून पाठवेल" म्हणून एक्सेल पाठवली. सिस्टिमवर करून दाखवा म्हटल्यावर परत फोन नाही. दुसऱ्याचा ऑगस्ट चुकला, ईएसआय शून्य. सांगितल्यावर त्यांनी एक सेटिंग बदलली आणि १६२ आले, पण ऑक्टोबरमध्ये माणूस परत आत आला. तिसऱ्याचे तिन्ही महिने बरोबर, स्लिप हलली नाही, ईसीआरमध्ये २ आले. मात्र त्याच्या सुपरवायझर लॉगिनमध्ये डॉक्टरचा दाखला उघडला. ते म्हणतात पुढच्या अपडेटमध्ये बंद करू.

मोपा_रोड
पुढच्या अपडेटची वाट पाहू नका. ती रजा थेट तुमच्याकडे मंजुरीला वळवता येते का बघा. आजारपणाची रजा महिन्याला किती येतात, दहा-बारा? तेवढ्या तुम्ही हाताळाल. आणि अपडेटची तारीख करारात घाला.

सोडताना माहिती कशी मिळेल तेही आत्ताच लिहून घ्या. रजेची नुसती शिल्लक नको, कोणत्या तारखेला किती जमा आणि किती वापरली ती पूर्ण वही हवी. कागदपत्रांच्या फाइलींच्या नावात माणसाचा कोड हवा. नाहीतर ४० माणसांचे शेकडो स्कॅन scan001, scan002 अशा नावांनी हातात पडतात. आणि त्यांच्याकडची प्रत किती दिवसांत पुसणार, तो आकडा.

हिशेबी
तिसरा घ्या. पण दोन महिने टॅलीतला पगारही चालू ठेवा. पहिल्या महिन्यात प्रत्येक माणसाचा निव्वळ पगार दोन्हीकडचा शेजारी ठेवून फरक काढा. एक-दोन रुपयांचे फरक पूर्णांकामुळे येतात, ते सोडा. पाच रुपयांवरचा प्रत्येक फरक कागदावर लिहून कारण शोधा. अर्ध्या वेळा चूक जुन्या पद्धतीत निघते.

कुंडईवाली
ठीक. दाखल्याचं त्यांच्याशी बोलले, आजारपणाची रजा माझ्याकडे वळवता येते. भाव किमान ५० माणसांचा लावतात, आम्ही ४०. त्यावर बोलणं चालू आहे. पीएफच्या मर्यादेचं सल्लागारांना लेखी विचारलंय, उत्तर अजून नाही.

सासष्टीकार
ताई, त्या तिसऱ्याकडे माणसाला काढून परत घेतलंत तर एकच दिसतो की दोन, तेवढं जमलं तर बघाल का?

कुंडईवाली
उद्या बघून सांगते.